आवाज येतोय ना?

पुण्यात काम कुणीच वाईट करत नाही. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो, आणि तरीही जे बिघडायचं ते बिघडतंच. मग ते कुणामुळे बिघडलं हे ठरवण्याचं कामही तितक्याच चोखपणे पार पडतं. नारायण पेठेत, बाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमोदचा व्हिडिओ स्टुडिओ होता आणि तिथे पद्मजा गेली कित्येक वर्षं असंच चोख काम करत आली होती. कॅमेऱ्यातून आलेलं अवजड चित्रीकरण दाबून, आटवून इंटरनेटवरून पाठवण्याजोगं करायचं, हे तिचं काम. घरातल्या कार्यात कुणी विचारलं की ती सांगायची, "व्हिडिओची बोचकी बांधते." पुढे कुणी विचारत नसे, आणि तिलाही ते बरं वाटे.

त्या वर्षी स्टुडिओकडे एक मोठं काम आलं. शहरातली एक कलासंस्था कर्णबधिर मुलांसाठी चित्रकलेची पदविका चालवायची. तिची प्रवेश परीक्षा आतापर्यंत लेखी होती. लांबलचक वाक्यांचे प्रश्न वाचता वाचताच मुलं थकायची आणि ज्यांचा हात चांगला ती बाहेर राहायची. संस्थेला अखेर शहाणपण सुचलं आणि प्रश्न खुणांच्या भाषेत विचारायचे ठरलं. पडद्यावर बाई खुणांनी प्रश्न विचारणार, खाली अ-ब-क-ड ची चार बटणं, मुलाने एक दाबायचं. प्रत्येक प्रश्न दोनदा दिसणार, मग आपोआप बंद. पर्यवेक्षकांना प्रश्न समजला पाहिजे म्हणून संस्थेने त्याला मागून बोलका आवाजही द्यायला लावला. म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या परीक्षेत ऐकू येणाऱ्यांची सोय आधी झाली. पण यात तेव्हा कुणाला काही वावगं दिसलं नाही.

पद्मजाची भाची स्पृहा या परीक्षेला बसणार होती. धाकट्या बहिणीची मुलगी, धायरीला राहणारी, जन्मापासून कानांनी अधू आणि बोटांत जादू. भिंतीवर पालीचं चित्र काढलं तर बघणाऱ्याने झाडू शोधावा. आदल्या वर्षी लेखी परीक्षेत ती बाहेर फेकली गेली होती. यंदा वयाची अट संपत होती, म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. तिच्या आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, तिला शिवणाच्या क्लासला घालायचं आधीच ठरवून टाकलं होतं. "हाय त्यात भागवायचं," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि स्पृहाचं म्हणणं त्यांना कळायची सोयच नव्हती.

पद्मजाने काम हातात घेतानाच आमोदला सांगितलं, "भाची आहे माझी परीक्षेला. मला यात घेऊ नकोस."

"मग कुणाला घेऊ? केयूरला?" आमोद म्हणाला. "त्याला फाइलचं नाव बदलायला सांगितलं तर फाइल सापडत नाही."

स्टुडिओतला मदतनीस केयूर समोरच बसला होता. त्याने हेडफोन लावले होते, त्यामुळे अपमान वाया गेला.

मग पद्मजानेच स्वतःवर बंधन घालून घेतलं. पेपर होईपर्यंत धायरीला जायचं नाही, स्पृहाला भेटायचं नाही. एरवी दर रविवारी ती जायची. दोघी गच्चीत बसायच्या, पद्मजा मोडक्यातोडक्या खुणा करायची आणि स्पृहा तिच्या चुका दाखवून दाखवून हसायची. भांडणही व्हायचं. भांडणात स्पृहाकडे एक हुकमी हत्यार होतं. तिने डोळे मिटले की संपलं. समोरच्याने हात नाचवून दमावं. लहानपणी पद्मजा तिच्या पापण्या बोटांनी उघडायची आणि मग दोघींना हसू आवरत नसे. आता मात्र महिनाभर मावशी का येत नाही, हे स्पृहाला कुणी नीट सांगितलं नाही. मावशीने मेसेजला उत्तरंसुद्धा तुटक दिली. इतका प्रामाणिकपणा या गावात अजून शिल्लक आहे, आणि त्याचं काय होतं ते पुढे दिसेलच.

प्रश्न खुणांनी सांगायला तनुजा होती. तिलाही ऐकू येत नसे आणि तिच्यासारखी स्वच्छ बोटं पद्मजाने कुणाची पाहिली नव्हती. चित्रीकरण झालं आणि खरा वाद सुरू झाला तो ते कशात बांधायचं यावर, चित्र आटवायच्या जुन्या पद्धतीत की नव्या.

"एव्हीसी," पद्मजा म्हणाली. "कुठल्याही ब्राउझरला कळतं, कितीही जुनं मशीन असू दे. आणि आपल्या मशीनवर सगळे प्रश्न चहा पिऊन होईपर्यंत बांधून होतात."

"आणि फाइल?"

"मोठी होते. जवळजवळ दुप्पट धर."

"तेच म्हणतोय मी." आमोदने खुर्ची पुढे ओढली. "एकेका केंद्रावर पस्तीस-चाळीस मशीन एकाच लाइनवर. सगळ्यांनी एकदम प्ले दाबलं की चित्र आचके देत येणार. नव्या पद्धतीत, एचईव्हीसीमध्ये, तेच चित्र निम्म्या जागेत बसतं."

"बसतं. पण बांधायला अख्खा दिवस खातं."

"खाऊ दे की. मशीन आपलंच आहे."

"बांधायचं आपल्या हातात आहे, आमोद. उलगडायचं त्यांच्या. एचईव्हीसी उलगडायची सोय मशीनच्या चिपमध्ये असावी लागते. क्रोम स्वतःच्या खिशातून काही देत नाही, मशीनकडे बोट दाखवतो. फायरफॉक्सचं तर आत्ता कुठे सुरू झालंय. आणि शाळांच्या लॅबमधली मशीनं कुठल्या काळातली असतात, तुला माहितीये ना?"

आमोदला माहीत होतं. पण आमोदचं एक होतं, त्याला वादात हरणं चालत नसे आणि जिंकायला तो नेहमी तिसऱ्या माणसाला आणायचा. त्याने दोन नमुने केले, एकाच आकाराचे. तनुजाला समोर बसवलं, शेजारी संस्थेचे निरीक्षक माधवराव. आधी एव्हीसी दाखवलं. इतक्या कमी जागेत कोंबल्यावर तनुजाची भराभर हलणारी बोटं एकमेकांत मिसळून पिठल्यासारखी दिसत होती. मग एचईव्हीसी. बोट न् बोट सुटं. तनुजाने क्षणाचाही विचार न करता दुसऱ्यावर टिचकी मारली. खुणांच्या भाषेत बोट म्हणजे अक्षर, आणि अक्षर खाल्लेलं तिला कसं चालावं?

"झालं की मग," माधवराव म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. तंत्रातलं आपल्याला कळत नाही हे ते अभिमानाने सांगत आणि निर्णयही तितक्याच अभिमानाने देत. "जिच्यासाठी आहे तिलाच विचारलं. याहून लोकशाही ती काय!"

"अहो, पण एव्हीसीला थोडी जास्त जागा दिली की त्यातही बोटं अशीच दिसतात," पद्मजा म्हणाली. "आणि पडदाच काळा राहिला तर बोटं सुटी असून उपयोग काय?"

"ताई, शंका काढायला अंत नसतो," माधवराव म्हणाले.

शेवटी तोड निघाली. दोन्ही संच करायचे. ब्राउझरला एचईव्हीसी जमत असेल तर ते, नसेल तर एव्हीसी, असं पानावरच लिहून ठेवायचं. हे पद्मजाला पटलं. तिने दोन्ही संच बांधलेसुद्धा. तिथेच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण शुक्रवारी सकाळी संस्थेचा फोन आला. रविवारी परीक्षा. समितीतल्या कुणा बाईंना तनुजाची चौकट लहान वाटली होती. सगळ्या प्रश्नांत ती मोठी करा. म्हणजे सगळे प्रश्न पुन्हा जुळवा, पुन्हा बांधा, आणि संध्याकाळी माधवराव येऊन पेपरला पासवर्डचं कुलूप लावणार. त्यांच्या नियमाप्रमाणे पानावर जाणारी प्रत्येक फाइल निरीक्षकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पाहायची, मगच कुलूप. त्यानंतर कुणी हात लावायचा नाही.

आमोदने एचईव्हीसी आधी लावायला सांगितलं, कारण समितीने तेच पाहून पसंत केलं होतं. मशीन दिवसभर घरघरत राहिलं. त्यातला घाईचा पर्याय पद्मजाने वापरला नाही, कारण त्यात चित्र फुटतं. संध्याकाळी संच झाला, पानावर चढला, माधवरावांनी चष्मा पुसत पुसत एकेक प्रश्न पाहिला. पाहून झाल्यावर पद्मजा म्हणाली, "आता एव्हीसीचा संच बांधते. थोडाच वेळ लागेल."

माधवरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे मला परत सगळं बघायचं?"

"नियम तुमचाच आहे."

"हो, पण नियम करताना असं दोन-दोनदा बघायला लागेल हे कुठे ठाऊक होतं?"

आमोद मध्ये पडला. "पद्मजा, तुझा जीव अडकलाय तो जुन्या मशीनांत ना? सगळ्यांत जुनी लॅब कात्रजची. तिथे फोन कर. नमुन्याचा प्रश्न पानावर आहेच, लावून बघू देत. लागला तर दुसऱ्या संचाची गरज नाही, नाही लागला तर बांध. माधवराव थांबतील."

"थांबेन," माधवराव म्हणाले. पण पिशवी त्यांनी खांद्याला लावली होती.

कात्रजच्या केंद्रावर लॅब सांभाळायला संभाजी सर होते. भला माणूस, पण लॅबमध्ये मोबाइलला रेंज नाही म्हणून नमुना लावून ते बाहेर पॅसेजमध्ये आले आणि तिथून बोलू लागले.

"हां मॅडम, लावलाय बघा."

"आवाज येतोय ना?" पद्मजाने विचारलं.

हेच विचारलं तिने. स्टुडिओत दिवसातून पन्नास वेळा जे विचारलं जातं ते. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या, प्रत्येक मीटिंगच्या आधी साऱ्या गावाने एकमेकांना जे विचारायची सवय लावून घेतली आहे ते. जिची भाची ऐकू शकत नाही त्या मावशीच्या तोंडून, ऐकू न येणाऱ्यांच्या पेपराबद्दल, तो प्रश्न आला, आणि खोलीतल्या तिघांपैकी एकालाही खटकला नाही.

"येतोय की, खणखणीत. पॅसेजपर्यंत येतोय. ऐका." संभाजी सरांनी फोन लॅबच्या दाराकडे धरला. पद्मजाला फोनमधून स्वच्छ ऐकू आलं, खालीलपैकी गोल वस्तू कोणती. तिचे खांदे सैल पडले. दिवसभराच्या घरघरीनंतर काहीतरी सुरळीत लागलं होतं.

"लागला," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. माधवरावांनी कुलूप लावलं. आमोदने सगळ्यांना चहा सांगितला.

रविवारी सकाळी मदतीच्या फोनवर केयूर बसला होता. पद्मजा आतल्या खोलीत होती. काही लागलंच तर, म्हणून. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर आली.

"काही फोन?"

"कात्रजचा एक आला होता. सर म्हणत होते, स्क्रीन ब्लॅक आहे, आवाज येतोय. मी म्हटलं, आवाज येतोय म्हणजे फाइल प्ले होतेय, मॉनिटरची वायर चेक करा."

पद्मजाने पेला खाली ठेवला. स्पृहाचं केंद्र कात्रजच होतं. तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण हे सगळं तिला माहीतच होतं. फाइलीत चित्र वेगळं असतं आणि आवाज वेगळा. जुन्या मशीनला एचईव्हीसीचं चित्र उलगडता आलं नाही तर ब्राउझर गुपचूप चित्र सोडून देतो आणि आवाज तेवढा वाजवतो. चूक झाली असंही म्हणत नाही. नोंदीत लिहितो, प्रश्न पूर्ण दाखवला.

तिने एव्हीसीचा संच लावला. मशीन भराभर बांधू लागलं, खरंच चहा पिऊन होईपर्यंतचंच काम होतं. तोवर तिने माधवरावांना फोन केला.

"कुलूप काढा. आत्ताच्या आत्ता. कात्रजला मुलांना काही दिसत नाहीये."

"कुलूप लागलेला पेपर चालू परीक्षेत बदलायचा? ताई, शुद्धीवर आहात ना? समितीला विचारावं लागेल." समितीतल्या बाईंचा फोन लागला नाही. एकेक प्रश्न दोनदा वाजून आपोआप बंद होत होता. संच बांधून झाला आणि पेपर संपला, दोन्ही एकदमच म्हटलं तरी चालेल.

पद्मजाने खूप धावपळ केली. तिने लिहून दिलं, मशीनचे तपशील जोडले, काळा पडदा स्वतः जुन्या संगणकावर करून दाखवला. आमोदने तिला हवं ते करू दिलं, पण स्वतःची सही कुठे येणार नाही याची काळजी घेतली. अखेर माधवरावांनी तिला संस्थेत बोलावून समितीचं म्हणणं ऐकवलं, आणि बसा म्हणून आवर्जून खुर्चीही दिली.

"इतर सगळ्या केंद्रांवर मुलांना दिसलं. एका केंद्रासाठी फेरपरीक्षा घेतली तर बाकीचे कोर्टात जातील. शिवाय कात्रजच्या पर्यवेक्षकांनी लेखी दिलंय की आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुस्पष्ट होता."

"आवाज!" पद्मजा म्हणाली. "अहो, कर्णबधिरांची परीक्षा होती ती!"

"आणि मुलांनी तक्रार केल्याची नोंद नाही."

"ती तक्रार कशी करणार? कुणाला खुणा येत होत्या तिथे?"

माधवरावांनी जरा खाकरून घेतलं. "उलट तुमच्या भाचीच्या नावापुढे एक शेरा आहे. परीक्षेत शेजारच्या उमेदवाराशी हातवारे केल्याबद्दल दोनदा ताकीद दिली. तो पुढे न्यायचा नाही असं मी सुचवलंय. तुमच्याकडे बघून."

तुझाही पडदा काळाच आहे का, एवढंच स्पृहाने शेजारच्या मुलीला विचारलं असणार. पद्मजा खुर्चीवरून उठली तेव्हा तिला माधवरावांच्या कानशिलात वाजवावीशी वाटत होती. तिने तसं केलं नाही. "उपकार झाले," असं म्हणून ती बाहेर पडली.

तिथून ती थेट धायरीला गेली. बहिणीने दार उघडलं आणि गच्चीकडे मान वळवली. स्पृहा कठड्याशी बसली होती. तिच्याजवळ ना वही ना पेन्सिल, मांडीवर शिवणाच्या क्लासची नवी कात्री होती, कागदातून न काढलेली.

पद्मजा समोर बसली. तिने खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. पण महिनाभर सवय नव्हती, बोटं अडखळत होती. मग तिने फोनवर लिहायला घेतलं. सगळं लिहिलं. दोन प्रकारची बोचकी, एक मोठं पण सगळ्यांना सुटणारं, एक लहान पण नव्या मशीनलाच सुटणारं. आमोदचा हट्ट, माधवरावांची घाई. आपण पहिल्यापासून एव्हीसीच म्हणत होतो, हे तिने दोनदा लिहिलं. लिहिताना तिला जरा मोकळं वाटलं, आणि त्या वाटण्याची लगेच चीडही आली.

स्पृहाने शांतपणे वाचलं. मग फोन घेऊन लिहिलं, "तू आधी तपासलं नाहीस?"

"तपासलं. कात्रजला फोन केला होता."

"मग त्यांनी काळं आहे सांगितलं नाही?"

"मी ते विचारलं नाही."

स्पृहाने भुवया उंचावल्या, हात पुढे केला आणि तर्जनी डावी-उजवीकडे हलवली. ही खूण पद्मजाला पक्की येत होती. काय?

काय विचारलंस?

पद्मजाने फोन परत हातात घेतला. काहीही लिहिता आलं असतं. रेंज नव्हती, ते सर पॅसेजमध्ये होते, त्यांनी नीट पाहिलं नाही. सगळं खरंच होतं. पण समोरची मुलगी चेहरा वाचण्यात तिच्यापेक्षा कितीतरी हुशार होती. तिने शेवटी लिहिलं, "आवाज येतोय ना."

स्पृहाने वाचलं. पुन्हा वाचलं, जणू पुढे आणखी काही असेल. मग तिने फोन उलटा करून कठड्यावर ठेवला. रडली नाही की काही फेकलं नाही. तिने मावशीकडे नीट पाहून घेतलं आणि डोळे मिटले.

पद्मजाने तिच्या मनगटाला हात लावला. स्पृहाने हात काढून घेतला, पापण्या तशाच घट्ट. लहानपणीसारखं बोटांनी त्या उघडायचं पद्मजाला धाडस झालं नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं, चुकलं माझं, आपण पुन्हा अर्ज करू, तुझ्या आजोबांशी मी बोलते, असलं काहीही. ती ते मोठ्याने सांगू लागली. खालून बहीण जिन्यापर्यंत आली आणि ऐकत उभी राहिली. पद्मजा बोलतच राहिली, त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर. आवाज खणखणीत येत होता.